घड्याळबाई आणि चोवीसची रेघ

आमच्या गोळ्यांच्या कारखान्यात त्यांना खऱ्या नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. सगळे घड्याळबाई म्हणायचे आणि त्याही त्या नावाला ओ द्यायच्या. चहा कपात ओतला की त्या मनगटाकडे बघत, आणि ठरलेला वेळ झाल्याशिवाय कपाला ओठ लावत नसत. मी एकदा विचारलं, "बाई, चहा काय रिपोर्ट मागतो का तुमच्याकडे?" तर म्हणाल्या, "जीभ भाजली की मागतो." मग पुन्हा मनगटाकडे बघितलं. माझा स्वभाव उलटा. मी गरम चहा घटाघटा पिते आणि दिवसभर जीभ भाजल्याची तक्रार करते.

लॅबमध्ये आमची टेबलं शेजारीशेजारी होती. पोटातली जळजळ शमवायची चघळायची गोळी हा आमच्या कारखान्याचा मुख्य माल. प्रत्येक बॅच कारखान्याबाहेर जाण्याआधी तिच्या काही गोळ्या आमच्याकडे यायच्या. गोळीत अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ठरल्याइतकं आहे की नाही हे मी बघायचे. ते आम्लाला खरोखर किती आवरतं हे बाई बघायच्या. ऐकायला दोन्ही एकच वाटतं. मलाही नोकरीला लागले तेव्हा वाटलं होतं की कंपनी उगाच दोन बायकांचा पगार देते.

बाईंची परीक्षा अशी. वीसेक गोळ्या कुटून बारीक पूड करायची आणि एका डोसाइतकी, म्हणजे दोन गोळ्यांइतकी, वजन करून घ्यायची. बीकरमध्ये अंगाच्या उष्णतेइतकं कोमट पाणी, त्यात पूड, आणि बीकर स्टररवर. स्टरर म्हणजे खाली चुंबक फिरतो आणि बीकरच्या तळाशी टाकलेली पांढरी कांडी त्याच्याबरोबर गरगरत पाणी ढवळत राहते. मग मोजून तीस मिली आम्ल. पोटात असतं तेच हायड्रोक्लोरिक आम्ल, फक्त जास्त कडक. ते पडलं की घड्याळ सुरू. पंधरा मिनिटं ढवळायचं, कमी नाही आणि जास्तही नाही. तेवढ्यात गोळीतलं आम्लारी आम्लाशी भिडतं आणि दोघांचं मिळून मीठ आणि पाणी होतं. शाळेत याला उदासिनीकरण म्हणतात. नाव ठेवणाऱ्याची त्या दिवशी घरी भांडाभांडी झाली असावी.

"आता गोळीने किती आम्ल संपवलं हे थेट दिसत नाही," बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. "पाहुणे किती जेवले हे कसं कळतं? पातेल्यात किती उरलं ते बघायचं." म्हणून उरलेल्या आम्लात वरून ब्युरेटमधून, म्हणजे वरून खाली आकडे आखलेल्या उभ्या काचेच्या नळीतून, कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंबथेंब सोडायचं. आम्लपणा दाखवणाऱ्या पीएच मीटरची दांडी बीकरमध्ये असते, तिचा काटा साडेतीनवर येऊन ठरला की थांबायचं. सातपर्यंत, म्हणजे आम्ल पार संपेपर्यंत, जायचं नाही, कारण पोटाला पचनासाठी थोडं आम्ल लागतंच. जाळणारं तेवढं गेलं की झालं. सोडा आम्लाच्या निम्म्या ताकदीचा, त्यामुळे उरलेल्या एक मिली आम्लाला दोन मिली सोडा लागतो. आमच्या डोसाने अठरा मिली आम्ल तरी संपवलं पाहिजे असा नियम. म्हणजे बारा उरलं तर चालेल, आणि बाराला लागणार चोवीस. ब्युरेटवर चोवीसच्या रेघेला बाईंनी लाल दोरा बांधला होता. दोऱ्याच्या आधी काटा ठरला तर बॅच पास. सोडा दोऱ्याखाली उतरला तर नापास.

त्यांच्या खणात दुसऱ्या कंपन्यांच्या गोळ्याही असायच्या. बाजारात नवं पाकीट आलं की त्या ते आणत आणि याच परीक्षेला बसवत. सगळ्यांना तेच आम्ल, तेवढाच वेळ, आणि पाकिटावर लिहिलेला डोस. साध्या खडूच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीने आम्ल पडताच फसफसून बीकरच्या काठापर्यंत फेस आणला आणि एकटीने वीस मिली संपवलं. "डबल ताकद" असं ठळक छापलेल्या चकचकीत गोळ्या दोन मिळून बारावर दमल्या. मला खूप हसू आलं. मी विचारलं, "मग आपण खडूचीच का करत नाही?" बाई म्हणाल्या, "तिच्यातून गॅस सुटतो, ढेकरा येतात, काहींचं पोट साफ होत नाही. आपल्यातलं अॅल्युमिनियम पोट आवळतं आणि मॅग्नेशियम ढिलं करतं, म्हणून दोघांची जोडी. अॅल्युमिनियम जरा मंद आहे. त्याला सांभाळून घ्यावं लागतं."

हे शेवटचं वाक्य त्या ज्या मायेने म्हणत, ती मी त्यांच्या तोंडी आणखी एकाच बाबतीत ऐकली होती. त्यांच्या धाकट्या भावाच्या.

त्याला सगळा कारखाना धाकटा म्हणायचा, कारण बाईंच्या बोलण्यात "माझा धाकटा" सारखं यायचं. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. बाईंनी त्याला आंघोळ घातली, अभ्यासाला बसवलं, परीक्षेत नापास होऊन तोंड लपवून फिरला की शोधून आणलं. स्थळं आली ती त्याच्यापायी परत गेली. याचं त्यांना दुःख होतं का, हे विचारायची माझीही छाती झाली नाही, आणि मी विचारायला घाबरत नाही अशी माझी ख्याती आहे. धाकटा मोठा झाला आणि एका ठिकाणी टिकेना. दुकानात लागला, सोडलं. गाडी चालवायला शिकला, धडकवली. शेवटी बाई स्वतः मॅनेजरसाहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "याला घ्या, जबाबदारी माझी." तो भट्टीवर लागला. भट्टी म्हणजे ताटं रचलेलं मोठं कपाट. ओलसर दाणेदार माल त्या ताटांत पसरायचा, गरम हवेने वाळवायचा, आणि मग तो दाबून गोळ्या करायच्या.

आणि तिथे तो रमला. शीळ घालत यायचा. जेवणाच्या सुट्टीत वर येऊन बाईंच्या डब्यातलं उचलायचा. घरी जेवताना ताई आम्लाबद्दल बोलते आणि आपल्याला स्वप्नातही स्टरर दिसतो, अशी तक्रार करायचा. त्याच्या हातून एकदा ताटं करपली होती. तेव्हा साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं की पुन्हा चूक झाली तर घरी जायचं. बाई तेव्हा खाली मान घालून उभ्या होत्या. पण त्यानंतर तो फार जपून होता, आणि बाईंच्या चेहऱ्यावरची एक जुनी आठी गेली होती.

त्या सकाळी आलेली बॅच माझ्या टेबलावर अगदी गुणी ठरली. मी पूड कडक आम्लात उकळवून विरघळवते आणि आतला माल मोजते. अॅल्युमिनियम पुरतं, मॅग्नेशियम पुरतं. मी कागदावर पास लिहिलं आणि आळस दिला. शेजारी ब्युरेटची तोटी टिकटिकत होती, आणि ती थांबेना. मी वळून बघितलं. सोडा लाल दोऱ्याच्या बराच खाली उतरला होता. काटा तेव्हा कुठे साडेतीनच्या जवळ आला.

बाईंनी तोटी बंद केली. त्यांनी आम्लाची ताकद पुन्हा तपासली. मीटरची दांडी आम्लपणा आधीच माहीत असलेल्या द्रावणांत बुडवून काटा बरोबर दाखवतो का बघितलं. मग मागच्या एका चांगल्या बॅचच्या गोळ्या कुटल्या आणि त्यांना त्याच आम्लात, त्याच मीटरवर बसवलं. सोडा अठराच्या आसपास असतानाच काटा ठरला, म्हणजे त्या डोसाने एकवीस मिली आम्ल संपवलं होतं. आम्ल ठीक, मीटर ठीक, बाई ठीक. मग त्यांनी मला म्हटलं, "तू कर एकदा. माझ्याकडे बघू नकोस." मी केलं. माझाही सोडा दोऱ्याखाली गेला, तिसाच्या जवळ. पंधरा मिली आम्ल तसंच उरलं होतं.

"असं कसं?" मी म्हटलं. "माल तर पुरता आहे. मी स्वतः मोजलाय."

बाईंनी बीकर उजेडात धरला. चांगल्या बॅचचं पाणी जवळजवळ निवळलं होतं. याच्या तळाशी पांढरा गाळ बसला होता, बारीक वाळूसारखा. "माल आहे, पण झोपलाय," त्या म्हणाल्या. "तू उकळवतेस म्हणून उठतो. पोटात कोण उकळवणार?"

अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या दाण्यात थोडं पाणी धरलेलं असतं. त्याच्यामुळे आम्ल दाण्यात शिरतं. फार तापवून ते पाणी काढून टाकलं की दाणा आवळतो आणि आम्लाशी इतका हळू भिडतो की पंधरा मिनिटांत त्याचं निम्मंही काम होत नाही. वजन तेवढंच राहतं आणि माझ्या परीक्षेत तो पासही होतो. हे त्यांनी मला अगदी शांतपणे सांगितलं. मग बीकर खाली ठेवला, आणि तो टेबलावर टेकताना खडखडला. तेव्हा मला उमगलं. फार तापवून, म्हणजे भट्टीत. आणि भट्टीवर धाकटा होता.

साहेब वर आले ते गोळी चघळतच. त्यांना कामाच्या ताणाने कायम जळजळ व्हायची आणि खिशात आमच्याच गोळ्यांची पट्टी असायची. "बाई, गाडी दारात उभी आहे," ते म्हणाले, "आणि तुम्ही म्हणताय नापास? आज सकाळपासून माझी छाती पेटलीय, त्यात हे." आणखी एक गोळी तोंडात टाकली. बाईंनी त्यांना तिन्ही आकडे दाखवले. साहेब वाईट माणूस नव्हते, पण घाईत माणसाचं वाईटच रूप वर येतं. ते म्हणाले, "एकदा परत करा. माझ्यासमोर. ती शेवटची. जो आकडा येईल तो मला मान्य." तेवढ्यात खालून हाक आली, ड्रायव्हर भांडत होता. "तुम्ही सुरू करा, मी आलोच," म्हणत ते जिना उतरले.

ते गेले आणि दारातून धाकटा आत आला. त्याला कुणीतरी सांगितलं असणार. कारखान्यात बातमी मालापेक्षा आधी पोचते. त्याचा चेहरा त्याच्या पांढऱ्या टोपीसारखा झाला होता.

"ताई, त्यात काही निघालं का?"

"तू किती तापवलं होतंस?" बाईंनी विचारलं.

त्याने टोपी सारखी केली. मग म्हणाला, "माल ओला होता गं. वाळतच नव्हता. पुढची ताटं थांबलेली, साहेब दोनदा येऊन ओरडून गेले, काय झोपा काढतो का म्हणून. मी थोडं वाढवलं. करपलं नाही, ताई, एक दाणा पिवळा पडला नाही. मी नीट बघितलं."

अशी चूक आमच्याच धंद्यात होते. करपलं असतं तर डोळ्यांना दिसलं असतं. हे पांढरंशुभ्र होतं, कोरडं खणखणीत होतं, आणि निकामी होतं. मला त्याची इतकी कीव आली की मी खिडकीकडे तोंड केलं.

बाईंनी पूड वजन करून घेतली. एक नाही, दोन बीकर भरले आणि दोन स्टररवर ठेवले. "दुसरा कशाला?" मी विचारलं. "राखीव," त्या म्हणाल्या. आधी एकात आम्ल सोडलं, लगेच दुसऱ्यात, आणि टेबलावरच्या चावीच्या घड्याळाला पहिल्या बीकरच्या पंधरा मिनिटांचा गजर लावला. दोन्ही कांड्या गरगरू लागल्या. दुसरा बीकर मागच्या टेबलावर होता. मी त्याच्याकडे नंतर बघितलंच नाही.

धाकटा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, ते मंद आहे ना? तूच म्हणतेस, अॅल्युमिनियमला वेळ लागतो. मग वेळ दे ना त्याला. अर्धा तास जास्त ढवळ. आम्लही तेच, पूडही तीच, तू खोटं काहीच लिहिणार नाहीस. आकडा खराच येईल."

खरं सांगते, माझ्या मनात तेच आलं होतं. किती सोपं होतं. कुठे खाडाखोड नाही, कुठे चोरी नाही, नुसतं उभं राहायचं. साहेब भांडणात गुंतले होते. मी तर म्हणूनही गेले, "बाई, माणसाचं पोट काय घड्याळ लावून बसतं का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, पण मला जागेवर गार वाटलं. "बसतं," त्या म्हणाल्या. "गोळी पोटात मुक्कामाला येत नाही. रिकामं पोट तिला थोड्या वेळात पुढे ढकलून देतं. हिला जाग येईल तेव्हा ती आतड्यात असेल आणि ते माणूस छाती धरून बसलेलं असेल. मग ते दुसरी गोळी खाईल. तीही झोपलेली."

"त्याने कुणी मरत नाही, ताई."

"नाही मरत."

"मी मरेन. मला दुसरीकडे कोण ठेवणार? इथे मला पहिल्यांदा वाटलं की मला काहीतरी जमतं." त्याचा आवाज फाटला. "तू माझी जबाबदारी घेतली होतीस."

बाई ब्युरेटकडे वळल्या. त्यांनी ब्युरेट वरपर्यंत भरली, शून्यावर आणली, टोकाशी लोंबणारा थेंब टिपून घेतला.  काटा एकच्याही खाली पडून होता; आम्ल भरपूर असताना तो हलत नाही, काही सांगत नाही. नुसता ढवळण्याचा आवाज. मला वाटलं, इतकं लांबलचक काही मी आयुष्यात ऐकलं नाही.

मग धाकट्याने हात पुढे केला आणि टेबलावरचं घड्याळ उचललं. पाठीमागे नेलं. तो चोर नव्हता. ताई कामाला जाऊ नये म्हणून लहानपणी तिची चप्पल लपवून बसत असेल, तसाच दिसत होता. "आता तुला कळणार नाही," तो म्हणाला. "कुणालाच कळणार नाही."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. घड्याळ मागितलं नाही. मनगटाकडेही बघितलं नाही. त्यांचे डोळे भरून आले आणि त्या तशाच उभ्या राहिल्या, ओठ किंचित हलवत.  मला वाटलं, त्या विरघळल्या. देवा, मला आनंदच झाला. मी मनात म्हटलं, राहा अशाच उभ्या, आणखी थोडा वेळ, एवढंच करा.

एकाएकी त्या वळल्या, मीटरची दांडी बीकरमध्ये सरळ केली आणि ब्युरेटची तोटी फिरवली. पहिला थेंब पडला आणि धाकट्याच्या पाठीमागे, त्याच्याच मुठीत, गजर वाजला.

ओठ हलवत त्या मनातल्या मनात सेकंद मोजत होत्या. गजर कितीतरी वेळ वाजत राहिला. त्याला तो बंद करायचं सुचलं नाही. मीच जाऊन त्याच्या हातातून घड्याळ काढून घेतलं. 

साहेब परत आले तेव्हा सोडा दहाच्या खाली गेला होता. ते येऊन बाईंच्या खांद्यामागे उभे राहिले.  पंधरा. अठरा, जिथे चांगली बॅच थांबली होती. काटा जागचा हलला नाही. वीस. मी मूर्खासारखी ब्युरेटला मनातून विनवत होते. बाईंनी वेग कमी केला नाही आणि वाढवलाही नाही. बावीस. सोड्याची कड लाल दोऱ्याला टेकली, दोऱ्यामागे क्षणभर दिसेनाशी झाली, आणि खालून बाहेर आली. काटा अजून दोनच्याही अलीकडे होता. तिसाच्या जवळ तो एकदम उठला, तीनवर आला, साडेतीनवर आला. बाईंनी तोटी बंद केली. काटा ठरला, पण लगेच पुन्हा केसभर वर सरकू लागला. तळातला गाळ अजून आपलं काम करत होता, उशिरा का होईना.

"नापास," बाई म्हणाल्या.

"कशामुळे?" साहेबांनी विचारलं.

बाई ब्युरेटकडेच बघत राहिल्या. "लॅबचा आकडा हा. कारण खाली शोधावं लागेल." एवढंच. भावाकडे त्यांनी बघितलंही नाही, आणि मला कळलं की यापुढचं वाक्य त्या त्याच्यासाठी सोडतायत. ते त्या त्याच्या तोंडून काढणार नव्हत्या आणि त्याच्या वतीने म्हणणारही नव्हत्या.

धाकटा म्हणाला, "शोधायला नको, साहेब. मी भट्टी वाढवली होती. ठरल्यापेक्षा बरीच."

साहेबांचा हात सवयीने खिशात गेला. पट्टी निघाली. गोळी काढता काढता ते थांबले आणि पट्टी उलटी करून मागचा शिक्का वाचला. याच बॅचची होती. सकाळी मशीनवरून उचललेली. अर्धी पट्टी त्यांनी संपवली होती. "म्हणून उतरत नाहीये होय," ते म्हणाले आणि माझ्या स्टुलावर बसले. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हसून हसून लोळले असते.

पट्टी टेबलावर ठेवून ते म्हणाले, "घाई मीच लावली होती. ते मी वर सांगेन." मग धाकट्याकडे न बघता, "पण ताकीद दिलेली आहे. सगळ्यांसमोर दिलेली. आता माझ्या हातात राहिलं नाही रे. चल खाली." दोघं जिना उतरले. धाकट्याने जाताना मागे वळून बघितलं नाही.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. त्याची नोकरी गेली. काही महिने तो घरी बसला, मग एका लाकडाच्या वखारीत लागला. तिथेही भट्टीच आहे, ओल्या फळ्या वाळवायची, आणि तिथे म्हणे घाई केली की फळी तडकते, अगदी डोळ्यांदेखत. तिथे तो आजतागायत टिकून आहे. पण त्या दुपारी हे काही आम्हाला माहीत नव्हतं. त्या दुपारी एका बहिणीने भावाचं नुकसान केलं होतं आणि लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो.

मी बाईंना बसा म्हटलं. पाणी दिलं. त्यांनी पेला हातात धरला आणि मागच्या टेबलाकडे बघत राहिल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुसरा स्टरर अजून फिरतोय. तो कुणी बंदच केला नव्हता. मी उठले. "असू दे," त्या म्हणाल्या.

मी जेवून आले तरी त्या तिथेच होत्या. डबा उघडलेला नव्हता. मग त्या उठल्या, ब्युरेट पुन्हा शून्यावर आणली, मीटरची दांडी धुतली आणि त्या दुसऱ्या बीकरमध्ये सोडा सोडू लागल्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्यात पाणी निवळलं होतं. गाळ जवळजवळ गेला होता. सोडा वीसवर आला. एकवीस. काटा हलायला लागला. तेविसाच्या थोडं अलीकडे तो साडेतीनवर येऊन ठरला. सोड्याची कड लाल दोऱ्याच्या वर थांबली होती. वर.

"बाई," मी म्हटलं, "हे कशाला केलंत?"

"बघायचं होतं," त्या म्हणाल्या. "मी त्याच्याकडून काय काढून घेतलं ते." मग त्या रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, आणि त्यांना ते नीट जमतही नव्हतं.

दारात धाकटा उभा होता. कपडे बदललेले, टोपी हातात. किती वेळ उभा होता कोण जाणे. तो आत आला, ब्युरेटपाशी वाकला आणि सोड्याची कड वाचली. त्याला वाचता येत होती. रोज जेवताना दुसरं काय ऐकलं होतं त्याने.

"म्हणजे झालं असतं," तो म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या. "झालं असतं."

मला वाटलं, आता तो बीकर उचलून भिंतीवर मारणार. मी मारला असता. त्याने खरंच बीकर उचलला. नळाखाली नेला, रिकामा केला, आतली पांढरी कांडी बोटाने काढून जागेवर ठेवली, आणि बीकर तीनदा विसळून पालथा घातला, बाई घालतात तसा. मग ओले हात विजारीला पुसत म्हणाला, "डबा उघड ताई. मी पण जेवलो नाहीये."